मोठ्या हिरव्या कॅन्डलनंतर लगेच घ्यायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

मोठ्या हिरव्या कॅन्डलनंतर शेअर लगेच घेऊ नका, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एक प्रतिक्रिया आली:

"तुमचा लेख नवख्यांना नुसता घाबरवतो. एवढी मोठी हिरवी कॅन्डल म्हणजे मोठे प्लेअर शिरले, हे सरळ दिसतं. थांबलो तर गाडी सुटते. मग आधी बघायचं तरी काय?"

मोठे प्लेअर शिरले हे कॅन्डलवरून कळत नाही. कॅन्डल फक्त भाव सांगते. म्हणून त्या दिवशी संध्याकाळी आधी डिलिव्हरी बघा, म्हणजे त्याच दिवशी न विकता किती शेअर डीमॅटमध्ये गेले ते. एनएसईच्या साइटवर शेअरच्या पानावर ती टक्क्यांत मिळते, पण नुसत्या टक्क्यांवर थांबू नका, त्यावरून शेअरची संख्या काढा. समजा एरवी रोज ४ लाख शेअरचा व्यवहार होतो आणि डिलिव्हरी ५० टक्के, म्हणजे २ लाख शेअर. कॅन्डलच्या दिवशी व्हॉल्यूम १८ लाख झाला, पण डिलिव्हरी १२ टक्के, म्हणजे २ लाख १६ हजार. व्हॉल्यूम साडेचार पट झाला, पण डीमॅटमध्ये गेलेले शेअर जवळपास रोजच्याइतकेच. बाकी सगळी त्याच दिवशीची घे-विक, म्हणजे इंट्राडे. हाच आकडा ७-८ लाख असता तर तुमच्या म्हणण्याला आधार मिळाला असता. (शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असेल तर हा हिशोब सोडून द्या, तिथे इंट्राडे चालतच नाही.)

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे स्टॉपलॉस किती लांब पडतो. हाच शेअर दोन महिने १८० ते २०० मध्ये घुटमळत होता असं धरू. त्या दिवशी १९२ चा लो करून तो २२० ला बंद झाला. २२० ला घेतलात तर स्टॉपलॉस कॅन्डलच्या लोच्या खाली, म्हणजे शेअरमागे किमान २८ रुपयांची जोखीम. भांडवल ५० हजार आणि एका सौद्यात १ टक्का, म्हणजे ५०० रुपये, घालवायची तयारी असेल तर १७ शेअरच बसतात. नवखा माणूस मात्र अख्खे ५० हजार लावतो, २२७ शेअर घेतो आणि १९२ ला बाहेर पडताना ६,३५० रुपयांच्या आसपास गमावतो. त्यात सकाळी भाव गॅप-डाउन उघडला तर स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला लागतही नाही.

आता थांबलात तर काय होतं ते बघा. पुढच्या तीन-चार दिवसांत भाव कमी व्हॉल्यूममध्ये २०६ पर्यंत आला आणि २०० च्या वर टिकला, तर १९७ चा स्टॉपलॉस लावून जोखीम ९ रुपयांवर येते. त्याच ५०० रुपयांत ५५ शेअर बसतात. भाव उतरताना व्हॉल्यूम वाढला किंवा २०० च्या खाली बंद झाला, तर घ्यायचा विचारच सोडायचा.

गाडी सुटते हे तुमचं म्हणणं खरं आहे. काही शेअर मागे वळून बघतच नाहीत, माझेही असे बरेच सुटले आहेत. तशा वेळी २२० ला १७ शेअर घेतलेत तर माझी हरकत नाही. मात्र कॅन्डलच्या आधीच शेअर महिन्याभरात दीडपट झाला असेल, तर तेही घेऊ नका.