ढगात करंट पडतो, व्होल्टेज नाही: सोलरच्या फॉरवर्डला उत्तर

«ढगाळ हवेत सोलर बंदच असतो. स्क्रीनवरचा आकडा खाली आला की समजा पॅनेल बाद. सावली जेवढ्या जागेवर पडते तेवढंच नुकसान. पावसाळ्यात पॅनेलच्या वायरींच्या क्लिपा काढून ठेवा, ढगात करंट नसतो म्हणून धोका नाही. इन्व्हर्टर रात्री वीज खातो, तीही वाचेल.»

हा मेसेज गुहागरच्या काकांकडून आला, तोवर काका शिडी लावून पत्र्यावर चढायच्या बेतात होते. सत्तरीतला माणूस, ओला पत्रा, आणि हात घालणार कशात, तर जिवंत डीसी वायरीत. म्हणून आधी क्लिपांचं.

पॅनेलवर ऊन कमी पडलं की करंट त्याच प्रमाणात उतरतो, पण व्होल्टेज फारसं हलत नाही. काकांकडे 540 वॅटची सहा पॅनेलं एकामागोमाग एक जोडलेली आहेत. मे महिन्यात भर दुपारी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर Vpv, म्हणजे पॅनेलांचे व्होल्ट, यासमोर 222 आणि Ipv, म्हणजे त्यांचे अँपिअर, यासमोर 11.4 होतं. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण 2530 वॅट. आता जुलैच्या गच्च ढगात Vpv 236, Ipv 1.8, म्हणजे 425 वॅट. व्होल्ट चक्क वाढलेत, कारण पॅनेल थंड आहे आणि तापलेल्या पॅनेलचं व्होल्टेज घसरतं. म्हणजे ढगात क्लिप ओढणारा माणूस सव्वादोनशे व्होल्टपेक्षा जास्त दाबाशीच खेळत असतो. शिवाय ही डीसी वीज. घरातली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, म्हणून तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तो शून्य नाहीच; चालू लोडवर क्लिप सोडवली की ठिणगी ताणत जाते आणि प्लास्टिक वितळतं. कधी खरंच बंद करायची वेळ आली तर आधी एसीचा एमसीबी पाडायचा, मग डीसी स्विच. त्यानंतरही उजेड आहे तोवर पॅनेलपासून स्विचपर्यंतच्या वायरी जिवंतच असतात. क्लिपा बसवणाऱ्यालाच काढू द्या.

«पॅनेल बाद» या शोधावर जास्त वेळ घालवत नाही. पॅनेलच्या पाठीवरचा स्टिकर वाचा: 540 वॅट हा आकडा दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि 25 अंश तापमानाला मोजलेला असतो. पावसाळी आभाळाखाली त्याच्या दहा-वीस टक्केच उजेड पोचला, तर आकडाही तितकाच उतरणार. उघडीप पडून धुतलेल्या, गार पॅनेलवर ऊन आलं की तेच «बाद» पॅनेल मेपेक्षा मोठा आकडा दाखवून जातं. आणि Pac म्हणजे या क्षणाचे वॅट. दिवसभराची कमाई E-Today मध्ये युनिटांत असते. सकाळी नऊला Pac बघून कपाळाला हात लावू नका. भर दिवसा Pac एकदम शून्य झालं तर आधी घरात लाइट आहे का बघा. बाहेरची वीज गेली की असा बिनबॅटरीचा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसेल.

सावलीचं मात्र नीट समजून घ्या. एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलांत करंट सगळ्यांतून एकच वाहतो, त्यामुळे झाकलेला सेल सगळ्यांनाच अडवतो. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक पॅनेलचे तीन भाग करून प्रत्येकाला एक बायपास डायोड दिलेला असतो. अडलेला भाग सोडून करंट त्यातून पुढे जातो. गेल्या हिवाळ्यात, आभाळ निरभ्र असताना, काकांकडे साडेतीनला 226 व्होल्ट, 7.5 अँपिअर होते. थोड्या वेळाने शेजारच्या माडाच्या एका लोंबत्या झावळीची सावली एका पॅनेलच्या दोन भागांवर आली. करंट तोच 7.5, पण व्होल्ट 200. वीतभर रुंद सावलीने दोन तृतीयांश पॅनेल गेलं, जवळजवळ दोनशे वॅट. ढगात अँपिअर पडतात, अशा सावलीत व्होल्ट पडतात. स्क्रीन वाचायची खूण हीच.

एक अपवाद आहे. आभाळ स्वच्छ, व्होल्ट पूर्ण, पण करंट दोन-तीनवर अडकलेला, आणि एखाद्या कोपऱ्यात सावली, असं दिसलं तर इन्व्हर्टर व्होल्ट आणि करंटच्या चुकीच्या जोडीवर अडकलेला असतो आणि एका पॅनेलपायी सहाही मार खातात. काही इन्व्हर्टरांत यासाठी सावलीची सेटिंग असते, ती बसवणाऱ्याकडून चालू करून घ्या.

रात्री वीज खातो, हे अर्धं खरं, मान्य. पाच वॅट धरले तरी बारा तासांच्या हिशोबाने महिन्याला 1.8 युनिट. काकांच्या E-Today मध्ये त्या गच्च ढगाच्या दिवशीही संध्याकाळी 3.1 होते.

शिडी परत पडवीत गेली आहे. झावळी मात्र अजून तिथेच आहे. शेजारी म्हणतात, नारळ उतरवायला माणूस येईल तेव्हा तोडू.