लग्नपत्रिकेचं टेम्प्लेट विकायचंय? मग गिऱ्हाइकाला काही कळू देऊ नका

मुलीच्या लग्नाला सव्वा महिना उरलाय आणि ऑनलाइन घेतलेल्या 299 रुपयांच्या टेम्प्लेटपायी माझ्या अप्पा बळवंत चौकात तीन खेपा झाल्या. गाडी कुठे लावली ते विचारू नका. पण या खेपांत पत्रिका विकण्याचं शास्त्र मात्र समजलं. धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी ते फुकटात देतोय.

जाहिरातीच्या फोटोत पत्रिकेशेजारी गुलाबाच्या पाकळ्या आणि समई मांडा. बाकीची माहिती आपोआप अनावश्यक होते.

पत्रिका कशात एडिट होते, ते लिहू नका. ‘पूर्णपणे एडिटेबल’ एवढंच लिहा. गिऱ्हाईक समजतं, फोनवर कॅनव्हात लिंक उघडायची आणि नावं बदलायची. पैसे जमा झाले की त्याला `.cdr` फाइल पाठवा. ती उघडायला कोरलड्रॉ लागतं, ते आमच्यासारख्यांच्या घरी कुठून असणार? भाच्याच्या मित्राने त्याच्या कॉम्प्युटरवर उघडून दिली, तर गणपतीखाली लिहिलेलं होतं `Jh x.ks'kk; ue%`. हे मूळचं ‘श्री गणेशाय नमः’. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं, आणि फॉन्ट फाइलसोबत दिलेलाच नाही. वधूवरांची नावं तेवढी सुरेख दिसत होती, कारण ती कर्व्ह करून टाकलेली, म्हणजे अक्षरं राहिलीच नव्हती, नुसती चित्रं. ‘राहुल आणि प्रिया’ पुसता येत होतं, बदलता येत नव्हतं. शेवटी राहुललाच जावई करून घ्यावं असं वाटायला लागलं.

साइजपुढे ‘सर्व साइज उपलब्ध’ लिहा. मग तक्रार केली की दुसरी फाइल पाठवा, 1080 बाय 1920 पिक्सेलची. व्हॉट्सॲप स्टेटसला झकास. प्रेसवाल्या काकांनी ती 5 बाय 7 इंचाच्या कार्डावर लावून दाखवली: पाच इंच रुंदी भरली की उंची जाते जवळजवळ नऊ इंचांवर. सातात बसवायची तर वरचा गणपती कापा नाहीतर खालचे निमंत्रक. शिवाय छपाईच्या 300 डीपीआयला, म्हणजे इंचामागे 300 ठिपक्यांना, 1500 बाय 2100 पिक्सेल लागतात, आणि कटिंगसाठी चारही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं डिझाइन लागतं ते वेगळंच. “मोबाइलची पत्रिका मोबाइलवरच पाठवा,” काका म्हणाले.

आता भाषा. इथे ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ असं दणकून लिहायचं. मराठी म्हणजे काय, तर देवनागरी दिसली की झालं! चि. आणि चि. सौ. कां. नको, ‘आयुष्मान’ आणि ‘आयुष्मती’ ठेवा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ कशाला, ‘के शुभ विवाह के मांगलिक अवसर पर’ आहे की. निमंत्रकांच्या जागी ‘दर्शनाभिलाषी’. तळाला लहान मुलांच्या तोंडी ‘जलूल जलूल आना’. अहो, सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्याला हे कार्ड द्यायला गेलो असतो तर तिने मला दारातच व्याकरण शिकवलं असतं! आणि फॉन्ट? आमचे व्याही कुऱ्हाडे. त्यांचं नाव त्या नक्षीदार फॉन्टात बसवलं, तर ‘कुर्हाडे’ झालं, ऱ्हाची चंद्रकोर गेली आणि ‘हा’च्या डोक्यावर रफार येऊन बसला. ‘विवाहस्थळा’तला ळ त्या फॉन्टात नव्हताच, म्हणून तेवढं एक अक्षर भलत्याच फॉन्टातून आलं, जाडजूड, एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखं. विक्रेत्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, “सर, मराठी और हिंदी का फॉन्ट सेम होता है।” सेम? ज्याच्या घरी काळे, कुळकर्णी आणि कुऱ्हाडे जेवायला येतात, त्याला सांगतोस सेम?

पुरे झालं. टेम्प्लेट विकणारे हो, तीन ओळी लिहायला तुमचं काय जातं? कॅनव्हा की कोरल की फोटोशॉप, आणि कॅनव्हा असेल तर फुकटच्या अकाउंटवर चालेल की प्रो लागेल. साइज इंचांत, आणि ती छपाईसाठी की फोनसाठी. मराठी मजकूर खरंच मराठी आहे का, फॉन्ट युनिकोड आहे का, त्यात ळ आणि ऱ्ह नीट उमटतात का. नमुन्यात राहुल-प्रियाऐवजी एकदा ‘कुऱ्हाडे’ आणि ‘काळे’ टाइप करून बघा ना, अर्धं मिनिट लागतं. तेवढंही करायचं नसेल तर भाषांच्या यादीतून मराठी काढून टाका.

आमची पत्रिका काकांनीच नव्याने जुळवली. चारशे कार्डं, पिवळ्या कागदावर, लाल शाईत. मंगळवारी मिळणार आहेत.