सशस्त्र गट शेजारी दडला, म्हणून शेजाऱ्यावर हल्ला कायदेशीर?

"संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ५१ वाचा. हल्ला दुसऱ्या देशानेच केलेला हवा, असं त्यात कुठेही नाही. २००१ मध्ये सुरक्षा परिषदेनेही ते मान्य केलं. म्हणजे सशस्त्र गट शेजारच्या देशात लपला असेल, तर तिथे सैन्य घुसवणं पूर्ण कायदेशीर आहे." असा युक्तिवाद केला जातो.

त्यातला पहिला मुद्दा बरोबर आहे, हे आधीच कबूल करतो. कलम ५१ 'सशस्त्र हल्ला' एवढंच म्हणतं. हल्लेखोर कोण, यावर ते गप्प आहे. पण कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करतं आणि ५१ हा त्या मनाईला अपवाद आहे. बॉम्ब गटावर टाकला तरी तो पडतो दुसऱ्या देशाच्या जमिनीवर. त्या देशाने काय केलं होतं, हा प्रश्न म्हणूनच टळत नाही.

२००१ चं म्हणाल, तर अमेरिकेवरच्या ९/११ हल्ल्यांनंतर सुरक्षा परिषदेने केलेल्या १३६८ आणि १३७३ या ठरावांत स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख आहे, तोही प्रस्तावनेत. अमुक देशावर हल्ला करा, अशी परवानगी त्यांत कुठेच नाही.

खरी मेख त्या युक्तिवादाच्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि ती काँगो विरुद्ध युगांडा या खटल्यात नीट दिसते. एडीएफ हा बंडखोर गट पूर्व काँगोतून युगांडावर हल्ले करत होता, हे खोटं नव्हतं. युगांडाने १९९८ मध्ये स्वसंरक्षणाचं कारण देत काँगोत सैन्य वाढवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००५ मध्ये हा बचाव फेटाळला. हल्ल्यांमागे काँगो सरकारचा हात सिद्ध झाला नाही. स्वसंरक्षणासाठी बळ वापरलं की सुरक्षा परिषदेला कळवायचं असतं, तेही युगांडाने केलं नव्हतं. शिवाय सीमेपासून शेकडो किलोमीटर आतले विमानतळ आणि शहरं ताब्यात घेणं सीमेपलीकडच्या हल्ल्यांना प्रमाणशीर किंवा आवश्यक वाटत नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं. माझ्या मते सगळ्यात बोलकं हेच आहे: गटाच्या तळाचा माग काढणारं सैन्य इतक्या दूरच्या विमानतळावर काय करत होतं?

मात्र उलट टोकाचा दावाही टिकत नाही. सरकारचा हात नसताना मोठ्या हल्ल्यांना उत्तर देता येतं का, हा प्रश्न न्यायालयाने मुद्दाम उघडा ठेवला. न्यायाधीश कोइमान्स आणि सिमा यांनी स्वतंत्र मतांत ही टाळाटाळ बोलून दाखवली. त्यांच्या मते देता येतं. २०१४ मध्ये सीरियात स्वतः केलेल्या हल्ल्यांसाठी अमेरिकेने यजमान देश, म्हणजे गट जिथे दडला आहे तो देश, त्याला रोखायला 'अनिच्छुक किंवा असमर्थ' असल्याचा निकष पुढे केला. काही देशांनी तो उचलला, काहींनी धुडकावला. सनदेत हे शब्द नाहीत, आणि यजमान असमर्थ आहे हे आधी ठरवतो तो हल्ला करणाराच.

युगांडाचा हिशेब मात्र लागला: त्याने काँगोला ३२.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा आदेश न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.