गंज, कुकर आणि मी

बायको चार दिवस माहेरी गेली आणि पहिल्याच सकाळी मी दुधाचा गंज गॅसवर ठेवला. तेवढ्यात लाइन आली, म्हणून बोअरची मोटार सुरू करायला धावलो. परतलो तेव्हा दूध उतू गेलं नव्हतं. त्याहून वाईट, खाली लागलं होतं. तळाशी काळा थर, आणि वास शेजारच्या काकूंच्या ओसरीपर्यंत.

पोरानं दिवाळीला आणलेला डिशवॉशर घरात होताच. गंज त्यात घातला, सोबत रात्रीचा भाताचा कुकर, झाकण, रबराच्या रिंगसकट. दोन तास यंत्र घुरघुरलं. उघडून पाहतो तर ग्लास लखलखीत, गंज मात्र जसाच्या तसा. यंत्र पाणी मारतं, घासत नाही. जळलेल्या दुधाचा थर त्याला जुमानत नाही. कुकरची तऱ्हा निराळी. तो ॲल्युमिनियमचा. यंत्राच्या पावडरीत खार असतो, त्यानं तो पार काळवंडला. आत भाताचा चिकटा तर कपड्याच्या खळीसारखा कडक झालेला. खळ तरी कशी करतात? गरम पाण्यातच ना!

काकू आल्या. "अरे बाप्पा! कुकर कायले घातला त्याच्यात? भाताच्या भांड्याले थंड पाणी लागते, गरम नाही."

मग त्यांच्या देखरेखीखाली माझी शिकवणी सुरू झाली. कुकरात थंड पाणी भरून तासभर ठेवलं, चिकटा फुगून बोटानं निघाला. काळेपणासाठी चिंचेचं पाणी घालून उकळलं. आंबटानं ॲल्युमिनियम उजळतं. गंज स्टीलचा, म्हणून त्याला सोडा चालतो. दोन बोटं पाणी, दोन चमचे खायचा सोडा, मंद आचेवर दहा मिनिटं. पाणी तपकिरी झालं, थराच्या कडा सुटल्या. निवल्यावर लाकडी उलथन्यानं खरवडलं तर अख्खी पोळीच उचलली गेली! मी ती कौतुकानं काकूंना दाखवली. त्यांनी बघितलीही नाही. "ॲल्युमिनियमले सोडा लावू नका मात्र," एवढंच म्हणाल्या, "परत काळं होते."

उरली रिंग. झाकणाच्या खाचेतून काढली, तर खाली आठवड्याभराची डाळ दडलेली. साबणाच्या कोमट पाण्यात बोटांनी चोळली, खाच जुन्या टूथब्रशनं साफ केली, शिट्टीच्या नळीत उजेडाकडे धरून पाहिलं. भाताची शितं तिथं अडकली तर वाफेची वाट बंद होते, म्हणून हे पाहणं घासण्याइतकंच महत्त्वाचं.

चौथ्या दिवशी बायको आली. चकचकीत गंज पाहून तिनं भुवई उंचावली, आणि वरण लावलं. अर्धा तास झाला तरी शिट्टी नाही, झाकणाच्या चहूकडून नुसती वाफ. "तुमी रिंग कुठं ठेवली?"

ती न्हाणीतल्या खिळ्यावर वाळत होती. वर माझं बनियन.