ऐरणीवर बसून फोटो काढा म्हणे!

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जा, मी रागावणार नाही.

दुपारी हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, साताऱ्याच्या लोकांना कळेलच. मागे त्यांनी 'गावगाडा' उभा केलाय. कुंभार, सुतार, लोहार, शिंपी, सोनार असे फायबरचे पुतळे, पत्र्याची छपरं आणि मध्ये एक बैलगाडी. माहिती सांगायला एक पोरगं. ते म्हणालं, "पूर्वी गावात पैसाच लागायचा नाही मॅडम. प्रत्येकजण आनंदानं आपापलं काम करायचा आणि त्याला धान्य मिळायचं." इथवर मी गप्प होते. मग त्यानं आडनाव विचारलं. लोहार म्हटल्यावर पोराला हुरूपच आला. "मग बसा की ऐरणीवर! फोटो भारी येईल!"

ऐरणीवर बसतात का रे कोणी? आमच्या आजोबांनी पायसुद्धा लागू दिला नाही तिला कधी.

पोराचा राग नाही, त्याला जे पाठ करायला दिलं ते तो म्हणतोय. राग त्या पुतळ्याचा आला. लोहार एकटाच उभा! भाता आहे, पण भात्याशी कोणी नाही. म्हणजे कोळसा आपोआप फुलत होता आणि फाळ आपोआप तापत होता. आमच्याकडे भाता आजी ओढायची. पोटुशी असतानाही ओढायची. आजोबा सांडशीनं लोखंड धरायचे, तेव्हा समोरून घण घालायलाही तीच. हाताला घट्टे इतके की माझी वेणी घालताना तिच्या बोटांना केस अडकायचे.

आता आडनावाबद्दल, कारण त्यावरूनच सगळं सुरू झालं. लोकांना वाटतं लोहार, कुंभार, शिंपी, सोनार ही सगळी एकाच माळेतली आडनावं. तशी ती नाहीत. जरा आपापलं गाव डोळ्यांपुढे आणा. लोहार-सुताराचं एखादं तरी घर जवळपास प्रत्येक गावात सापडेल. सोनार-शिंपी मात्र बहुतेक बाजारपेठेच्या गावात, पेठेला लागून. असं का? कारण नांगराचा फाळ मुरमाड रानात दोन-चार दिवसांत बोथट होतो. पेरणीच्या दिवसांत तो घेऊन कोणी कराडला चालत जाणार नाही. लोहार हाकेच्या अंतरावरच पाहिजे. अंगरखा मात्र वर्षातून एखादा शिवायचा. धोतराला आणि लुगड्याला तर सुईच लागत नाही! मग एका गावावर शिंप्याचं पोट कसं भरणार? त्याला दहा गावांचा बाजार पाहिजे आणि कामागणिक मजुरी पाहिजे. म्हणून जुन्या याद्यांत शिंपी-सोनार बहुतेक ठिकाणी अलुत्यात, म्हणजे अधूनमधून लागणाऱ्यांत, आणि आम्ही बलुत्यात, म्हणजे वर्षाच्या धान्यावर गावाचं काम करणाऱ्यांत. सोनारांत ज्यांना गावचं पोतदारकीचं काम, म्हणजे शेतसाऱ्याची नाणी खरी की खोटी हे पारखून द्यायचं काम असायचं, त्यांचं आडनावच पोतदार झालं.

बलुत्यातही तीन ओळी होत्या: थोरली कास, मधली कास, धाकटी कास. गावागणिक यादी बदलायची, पण जुन्या कोशात दिलीय ती अशी. थोरलीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. परत वाचा. भट तिसऱ्या ओळीत आणि महार-मांग पहिल्या! ज्याच्यावाचून शेती अडते त्याचा वाटा पहिला, असा तो हिशेब. मानाचा हिशेब मात्र बरोबर उलटा चालायचा. आम्ही लोहार मधल्यामध्ये सुटलो. ओट्यापर्यंत जाता यायचं. ज्यांना वेशीबाहेर उभं केलं त्यांच्यापुढे मी कसली रडगाणी गाऊ, हे मलाही कळतं.

पण आनंदानं म्हणे! हिशेबच मांडते. आजी तोंडपाठ सांगायची.

आमच्या गावात तेव्हा साठ औतं. लोहाराला एका औतामागे वर्षाला चार पायल्या जोंधळा आणि वर कडब्याचा एक पाचुंदा. म्हणजे 240 पायल्या. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, म्हणजे बरोब्बर एक खंडी. ऐकायला केवढं वाटतं! घरात खाणारी सात माणसं, रोजच्या भाकरीला एक पायली. 240 पायल्या म्हणजे 240 दिवस. शिमग्याच्या आसपास शाळूची खळी व्हायची, तिथून मोजा. दिवाळीला कणगी रिकामी. आणि हे सगळ्यांनी सगळं दिलं तर! त्या बदल्यात साठ औतांचे फाळ, कुळवाच्या फासा, खुरपी, विळे, कुऱ्हाडी बारा महिने पाजवायच्या. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा, अंगमेहनत आमची. कोण किती वेळा आला हे मोजायचं नाही. एका औताचा फाळ वर्षात पाच वेळा येवो की पंचवीस वेळा, पायल्या चारच.

हो, आजोबांचं घर गावानं कधी उपाशी ठेवलं नाही. आजारपणात कोणी ना कोणी पाटी आणून ठेवायचं. मान्य. पण साल बुडालं की आमचंही बुडायचं, तेव्हा ही बाजू फार ताणू नका.

आता आजीची गोष्ट. घरातल्यांनी शंभरदा ऐकलीय, तुम्ही एकदा ऐका.

बलुतं घरपोच येत नाही. आपण खळ्यावर जाऊन उभं राहायचं. आजी पाटी आणि पोतं घेऊन जायची. धनी मापायचा, ही ओंजळ पुढे करून थांबायची. एका साली एका मोठ्या धन्यानं तिला दुपारभर उन्हात थांबवलं. सगळी रास भरून झाल्यावर खळ्याच्या तळातलं मातेरं ढकललं. "घे, चार पायल्या." आजी काही बोलली नाही. घरी येऊन पाखडलं, चाळलं. चारातली एक पायली निव्वळ माती आणि खडे निघाले.

पुढे काय झालं ते नंतर सांगते, आधी त्या बैलगाडीचं सांगू द्या. हॉटेलवाल्यांनी चाकाला लोखंडी पट्टी खिळ्यांनी ठोकलीय. खिळ्यांनी! बघूनच हसू आलं आणि मग रडू. लाकडी चाकाची धाव खिळ्यावर नाही, लोखंडाच्या आकसण्यावर बसते. लहानपणी मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

सुतार चाक करून आणायचा. मध्ये तुंबा, त्यात आरे, बाहेरून पाटे. आजोबा चाकाचा घेर मोजायचे, मग पट्टीचा घेर मोजायचे आणि पट्टी साधारण बोटभर कमी ठेवून सांधायचे. साडेचार फुटी चाकाचा घेर चौदा फुटांवर जातो, त्यात बोटभर. मग ती कडी जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. लाल झाली की वाढते. चौघांनी सांडश्यांनी उचलून चाकावर टाकायची. लाकूड पेट घ्यायच्या आत ठोकून बसवायची आणि लगेच घागरीच्या घागरी पाणी. भस्सकन वाफ, आणि त्या वाफेत चाक करकरायचं. आकसणारी धाव सगळे सांधे एकमेकांत दाबत आणायची. पट्टी फार कमी केली तर आरे वाकतात आणि चाक बशीसारखं होतं. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव वाटेतच निखळते. म्हणून चैत्र-वैशाखात लोक चाकं कोयनेच्या पाण्यात भिजत ठेवायचे. बोटभर म्हणजे कोणाचं बोट, असं मी एकदा आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "माझं. दुसऱ्याचं चालत न्हाय."

धाव बलुत्यात धरत नसत, तिचे वेगळे पैसे मिळायचे. गुऱ्हाळाच्या दिवसांत गाड्या रस्त्यावर आल्या की हे काम निघायचं. दिवाळी ते शिमगा जे चार महिने कणगी रिकामी, ते धावेवर निघायचे. पैसा लागायचा नाही म्हणे! आमचे चार महिने पैशावरच जगलेत.

फाळाकडे वळते. टोकाला पोलाद सांधलेलं असतं. तो गुंजेसारखा लाल करून फक्त टोक पाण्यात बुडवायचं, काढून दगडावर घासायचं आणि रंग बघत बसायचं. मागच्या उष्णतेनं टोकाकडे पिवळा रंग सरकत येतो, त्यामागून जांभळा, मग निळा. पिवळा संपून जांभळा लागतोय तोच पूर्ण बुडवायचा. लवकर बुडवला तर फाळ कडक होतो आणि दगडाला लागला की टोक उडतं. उशीर केला तर मऊ राहतो, दोन तासांत मुडपतो. बघणाऱ्याला दोन्ही फाळ सारखेच दिसतात.

तर त्या धन्याचा फाळ पुढच्या पेरणीला आला. आजोबांनी नेहमीसारखा पाजवला. दुसऱ्याच दिवशी परत आला, मुडपलेला. परत पाजवला. परत आला. ऐन घातीत पाच फेऱ्या झाल्या त्याच्या. शेजारच्यांचे फाळ मात्र ठणठणीत. आजोबा म्हणायचे, "रान त्याचं दगडी हाय, मी काय करू?" मरेपर्यंत हेच म्हणत राहिले. आजी भात्याशी होती, तिला रंग दिसत होता. ती फक्त हसायची. पुढच्या शिमग्याला त्याच खळ्यावर तिला वरच्या राशीतल्या चार पायल्या मिळाल्या, शीग लावून.

ह्याला तुम्ही वाईट म्हणाल. म्हणा. मागायला गेलेल्या बाईच्या हातात दुसरं काय होतं?

पुढे लोखंडी नांगर आले. आपल्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी 1910 साली वसली ती मुख्यतः नांगरांवर. त्याचा बिडाचा फाळ झिजला की रोख पैसे टाकून नवा आणायचा. बीड तापवून ठोकलं की तुटतं, लोहाराला त्यात काम नाही. रबरी चाकाच्या गाड्या आल्या आणि धावही गेली. वाईट वाटतं, पण खरं सांगू? काका एसटीत मेकॅनिक झाले आणि दर महिन्याला पगार आणू लागले, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आजीलाच झाला. खळ्यावर उभं राहणं सुटलं.

आडनाव तेवढं राहिलं. तसं आमचं कूळ चव्हाण, सासरचं पवार. पण हे फक्त सोयरीक जुळवताना निघतं. गावात लोहाराचं घर एकच, म्हणून दप्तरात लोहार, मग शाळेच्या दाखल्यावर लोहार. लग्न झालं तरी मी लोहारच राहिले, आधार कार्डावर आडनाव बदलायचा खर्च वाचला. 😄

निघताना मॅनेजरला गाठलंच. म्हटलं, "चाकाचे खिळे काढा आणि भात्याशी एक बाई उभी करा, तिच्याशिवाय ही भट्टी पेटत नाही."

तो म्हणाला, "मॅडम, बाईचा पुतळा महाग पडतो. साडीचं रंगकाम असतं ना."