‘किती सिटिंग लागतील?’

“अमेरिकेतल्या नामवंत मानसोपचारतज्ज्ञाने दोनशे जणांचा अभ्यास करून दाखवलं आहे की उपचारांनी समलैंगिक माणूस बदलतो. संघटनांनी मात्र राजकीय दबावापोटी हा आजार यादीतून काढून टाकला. मुलाला एकदा समुपदेशन देऊन बघायला काय हरकत आहे? झाला तर फायदाच, नुकसान तर काही नाही!”

समलैंगिक मुलांच्या पालकांपर्यंत असा मेसेज फिरत येतो. त्यातले तज्ज्ञ म्हणजे रॉबर्ट स्पिट्झर, आणि त्यांचा अभ्यास खरंच २००३ साली प्रसिद्ध झाला होता. पण तो झाला कसा ते बघा. स्पिट्झर यांना ‘आपण बदललो’ असं आधीपासूनच म्हणणारी माणसं हवी होती. ती आली मुख्यतः असा बदल घडवू पाहणाऱ्या धार्मिक गटांकडून आणि अशा उपचारकांकडून. एकूण २०० जणांशी प्रत्येकी एकदाच, सुमारे पाऊण तास, फोनवर बोलणं झालं. ‘उपचारांपूर्वी आकर्षण कसं होतं, आता कसं आहे?’ याचं उत्तर त्यांनी आठवून द्यायचं होतं. उपचार न घेतलेल्यांचा तुलनेसाठी गट नव्हता, आणि उपचार घेऊनही काहीच न बदललेली माणसं तर यात येणंच शक्य नव्हतं. लॉटरी लागलेल्यांनाच गाठून ‘तिकीट घेण्यात फायदा आहे का?’ असं विचारण्यासारखं झालं हे.

मेसेजमधून गळलेली गोष्ट अशी की २०१२ साली स्पिट्झर यांनी स्वतःच हा निष्कर्ष मागे घेतला. त्या दोनशे जणांचं सांगणं खरं होतं की स्वतःची समजूत घालणं होतं, हे ठरवायला आपल्याकडे साधनच नव्हतं, असं त्यांनी लिहिलं. ज्यांनी त्या अभ्यासावर विसंबून आयुष्याची वर्षं आणि उमेद घालवली, त्यांची त्यांनी माफीही मागितली.

आता राजकीय दबावाबद्दल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनांत निदर्शनं झाली हे खरंच आहे, लपवायचं कारण नाही. पण समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढण्याचा या संघटनेचा १९७३चा निर्णय पुराव्याशिवाय झाला नव्हता. १९५७ साली मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल नावं झाकून तज्ज्ञांपुढे ठेवले होते. कोण कुठल्या गटातला, हे त्यांना अंदाजापलीकडे ओळखता आलं नाही. आजार असता, तर त्याची काहीतरी खूण दिसायला हवी होती. (आणि यादीतून हे निदान काढणाऱ्यांत पुढे कोण होतं? हेच स्पिट्झर.)

आता ‘नुकसान काही नाही’. इथे मला जरा थांबायचंय.

काही वर्षांपूर्वी विशीतला एक मुलगा आईवडिलांबरोबर माझ्याकडे आला. वडिलांचा पहिला प्रश्न, “डॉक्टर, किती सिटिंग लागतील?” आधी एकाने त्याला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली होती. या हार्मोनने इच्छेचा जोर वाढू शकतो, तिची दिशा बदलत नाही. हे अनेक दशकांपासून माहीत आहे. मग दुसऱ्याने मनगटाला रबर बँड लावायला सांगितला: पुरुषाचा विचार आला की ओढून सोडायचा. मुलाच्या मनगटावर लाल वळ होते. तो म्हणाला, “विचार जात नाहीत, पण आता कुणाबद्दलच काही वाटत नाही. मीच नीट प्रयत्न करत नसेन.”

हा त्या एकट्याचाच अनुभव नाही. साठच्या दशकात पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके किंवा उलटीचं औषध देत, तेव्हाही असंच दिसलं होतं. किळस शिकवता येते, पण ती एका दिशेपुरती राहत नाही. एकूण इच्छाच मरते आणि मागे चिंता, नैराश्य उरतं. नुसत्या बोलण्याच्या उपचारांतला धोका वेगळा. दुरुस्तीचं आश्वासन दिलं की अपयशाचा दोष उपचारावर येत नाही, तो रुग्णाच्या इच्छाशक्तीवर येतो. दर सिटिंगला शरम थोडी वाढते, आणि घरी सांगायला आता ‘उपचार घेऊनही’ हे शब्दही जोडले जातात.

अमेरिकेत २१ ते २५ वयाच्या २४५ समलैंगिक, उभयलैंगिक आणि ट्रान्स तरुणांच्या पाहणीत, बदलाचे प्रयत्न न झालेल्यांपैकी २२ टक्क्यांनी कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. पालकांनी घरी प्रयत्न केलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के, आणि त्यात बाहेरचे उपचारक किंवा धर्मगुरूही आणलेल्यांत ६३ टक्के होतं. पाहणी मागे वळून आठवण्यावर आधारलेली आहे, त्यामुळे हे कारण आणि तो परिणाम असं काटेकोर सिद्ध होत नाही. पण ज्या उपचाराचा फायदा दाखवता येत नाही, त्याच्या बाजूला असे आकडे असले तर कुठला डॉक्टर तो लिहून देईल?

वडिलांना मी सांगितलं, “त्याला बदलायला एकही सिटिंग नाही. त्याची झोप आणि भीती यांसाठी तो येईल, आणि तुम्ही दोघं वेगळे या.” ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “आणि आधी ज्यांनी हे उपचार केले, त्यांचं काय?”

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे की असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. तक्रार राज्याच्या परिषदेकडे करता येते. पण ती नोंदणीकृत डॉक्टरांपुरती. बाबा-बुवा आणि स्वयंघोषित समुपदेशक तिच्या कक्षेत येत नाहीत. रबर बँडवाल्याकडे पाटी होती, नोंदणी क्रमांक नव्हता.