साडेसाती मोजताना रास कोणती धरता?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या भाचीचं एक स्थळ "मुलीला साडेसाती आहे" म्हणून मागे पडलं. मला याचा मनापासून राग आला, कारण तिला साडेसाती नाहीच.

आधी हिशेब. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो. जन्मावेळी चंद्र ज्या राशीत होता, ती आपली चंद्ररास. तिच्या मागच्या म्हणजे बाराव्या राशीत शनी आला की पहिली अडीचकी, खुद्द चंद्रराशीत आला की दुसरी आणि पुढच्या राशीत गेला की तिसरी. तीन अडीचक्या मिळून साडेसात वर्षं. मार्च २०२५ पासून शनी मीनेत आहे. म्हणून मेषेला पहिली, मीनेला मधली आणि कुंभेला शेवटची अडीचकी चालू आहे. बारांतल्या तीन राशींना ती कायम असतेच. म्हणजे नागपुरातल्या जवळपास दर चौथ्या माणसाला आत्ता साडेसाती आहे! सगळ्यांची लग्नं थांबवायची का?

आता भाचीचं बघा. नाव 'सा'वरून, म्हणून एकाने रास कुंभ धरली आणि शेवटची अडीचकी सांगितली. वाढदिवस ५ मार्चचा, म्हणून दुसऱ्याने इंग्रजी पद्धतीची मीन धरून मधली सांगितली. पण ती सूर्याची रास, आणि साडेसातीत सूर्याचा संबंधच नाही. नाव घरच्यांनी आवडीनं ठेवलेलं, नक्षत्राच्या चरणाक्षरावरून नव्हे. पत्रिकेत चंद्र रोहिणीत आहे, म्हणजे वृषभ रास. वृषभेच्या मागची रास मेष, आणि मेषेत शनी अजून आलेलाच नाही.

चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे नुसती तारीख पुरत नाही, वेळही लागते. कृत्तिकेचा पहिला चरण मेषेत आणि उरलेले तीन वृषभेत. अशा जागी जन्मवेळ थोडी चुकली तरी साडेसाती अडीच वर्षं पुढेमागे होते. धनू आणि सिंहवाल्यांनाही हल्ली कुणी कुणी साडेसाती सांगतात. त्यांना शनी चौथा आणि आठवा आहे. तो अडीच वर्षांचा वेगळा काळ, साडेसाती नव्हे.

आणि साडेसातीत सगळं वाईटच होतं, हेही शास्त्र म्हणत नाही. पत्रिकेत शनी कुठल्या स्थानाचा स्वामी आहे, दशा कुणाची चालू आहे, अष्टकवर्गात त्या राशीला बिंदू किती, हे बघितल्याशिवाय फळ सांगू नये. सीताबर्डीच्या शनिमंदिरात तेल वाहायला जरूर जा, श्रद्धेचा मी आदरच करतो. पण भीती दाखवून शांतीचे पैसे घेणाऱ्याला आधी विचारा, चंद्र कोणत्या राशीत, कोणत्या चरणात?

भाचीची साडेसाती जून २०२७ मध्ये शनी मेषेत गेला की सुरू होईल. ऑक्टोबरात तो वक्री होऊन मीनेत परतेल, तेव्हा ती थांबेल आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये पुन्हा लागेल. कुंभवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. जूनमध्ये सुटलो म्हणाल, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिसऱ्या अडीचकीचे ते चार महिने अजून बाकी आहेत.